अनुभव सांगताना ‘आय हॅव डन’ की ‘आय डिड’?

अक्षरवेल

गेल्या महिन्यात एका अनुवादाच्या कामासाठी माझी इंग्रजीतून मुलाखत झाली. आतापर्यंत काय काय केले आहे असे विचारल्यावर मी म्हणाले, ‘आय हॅव वर्क्ड ॲट अ ट्रान्सलेशन एजन्सी फॉर थ्री इयर्स.’ समोरच्या बाईंनी लगेच विचारले की तुमचा नोटीस पिरियड किती आहे. मी गोंधळले, कारण ती नोकरी मी २०१८ सालीच सोडली आहे. तसे सांगितल्यावर त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी खोडले आणि पुढचे दोन-तीन प्रश्न त्या फक्त तारखांविषयीच विचारत राहिल्या. मी काही दडवत आहे असे त्यांना वाटले असावे.

शाळेत आम्हाला शिकवले होते की अनुभव सांगायचा असेल तर प्रेझेंट परफेक्ट वापरावा. हा नियम मी इतकी वर्षे इमानाने पाळत आले आहे. तीन वर्षांची नोकरी हा अनुभव नाही तर काय आहे? मग माझ्या वाक्यातून ‘मी अजून तिथेच आहे’ असा अर्थ कसा निघाला? प्रत्यक्ष बोलताना सिंपल पास्ट केव्हा आणि प्रेझेंट परफेक्ट केव्हा, हे आपण कसे ठरवता?

मुक्तछंद

हे फार अवघड नाही. वाक्यात काळ दाखवणारा शब्द आहे का ते पाहावे. यस्टर्डे, लास्ट इयर, टू डेज अगो, इन २०१८ असा शब्द असेल तर सिंपल पास्ट. नसेल तर प्रेझेंट परफेक्ट. मी वीस वर्षे याच कसोटीवर पत्रव्यवहार केला आहे. आपल्या वाक्यात तारीख नव्हती, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. बाईंनी नीट ऐकले नाही, इतकेच.

काजवा

बाईंनी अगदी नीट ऐकले, म्हणूनच तर नोटीस पिरियड विचारला.

शब्दपारखी

काजवा यांच्याशी मी सहमत आहे. मी बरीच वर्षे मराठी माध्यमातून आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवते आणि या ठिकाणी जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुक्तछंद यांनी सांगितलेली कसोटी अर्धी बरोबर आहे. काळ दाखवणारा नेमका शब्द आला की प्रेझेंट परफेक्ट चालत नाही, हे खरे. पण त्याचे उलट खरे नाही, कारण तो शब्द वाक्यात नसला तरी बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात असू शकतो. समजा, दोन सहकारी एका बैठकीतून नुकतेच बाहेर पडले आहेत. एक जण दुसऱ्याला विचारेल, ‘व्हॉट डिड यू थिंक ऑफ हर प्रपोजल?’ यात ना तारीख आहे ना वार, तरी काळ भूतकाळच आहे, कारण कोणत्या प्रसंगाविषयी बोलणे चालले आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून इंग्रज माणूस साधारणपणे ‘हू पेंटेड दिस?’ असेच विचारतो. चित्र समोर आहे, म्हणजे ते कोणीतरी कधीतरी काढले हे उघडच आहे; प्रश्न फक्त त्या घडून गेलेल्या कृतीच्या कर्त्याचा आहे. आपण मराठीत मात्र ‘हे चित्र कोणी काढले?’ आणि ‘हे चित्र कोणी काढले आहे?’ ही दोन्ही वाक्ये सहज वापरतो, आणि त्यातले दुसरे वाक्य इंग्रजीत नेले की ‘हू हॅज पेंटेड’ तयार होते.

आता अक्षरवेल यांचे वाक्य. ‘फॉर थ्री इयर्स’सारखा कालावधी आणि एका विशिष्ट जागेचे काम हे दोन्ही प्रेझेंट परफेक्टबरोबर आले, की ऐकणारा तो कालावधी आजपर्यंत आणून टेकवतो. ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तीन वर्षांपूर्वी लागले आणि अजून आहे. ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे ती तीन वर्षे कधीतरी संपली. शब्द तेवढेच आहेत, फक्त एक ‘हॅव’ कमी झाला आणि नोकरी सुटली. बाईंनी तुमचे वाक्य व्याकरणाने सांगितलेल्या अर्थानेच घेतले.

‘अनुभवासाठी परफेक्ट’ हे सूत्र मी वर्गात आता देत नाही. भूतकाळातली प्रत्येक गोष्ट कोणाचा तरी अनुभवच असते, त्यामुळे विद्यार्थी सगळीकडे ‘हॅव’ पेरू लागतात. मी त्यांना इतकेच विचारते की बोलताना तुम्ही कुठे उभे आहात. आजच्या जागी उभे राहून ‘माझ्या गाठीशी काय काय आहे’ हे मोजत असाल तर परफेक्ट. मनाने त्या प्रसंगात जाऊन ‘तिथे काय झाले’ हे सांगत असाल तर पास्ट.

मुक्तछंद

मनातला काळ ही गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती. चित्राचे उदाहरण पटले. मात्र ‘कुठे उभे आहात’ ही कसोटी मला धूसर वाटते. यस्टर्डे हा शब्द कागदावर दिसतो, उभे राहण्याची जागा दिसत नाही. परीक्षेला बसलेल्या मुलाने ती कशी ओळखायची?

शब्दपारखी

शंका रास्त आहे. ही कल्पना मात्र माझी नाही. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली काळांचा विचार करताना तीन बिंदू मानले होते. एक घटनेचा क्षण, दुसरा बोलण्याचा क्षण, आणि तिसरा ज्या क्षणावरून आपण घटनेकडे पाहतो तो. सिंपल पास्टमध्ये हा तिसरा बिंदू घटनेपाशी असतो, तर प्रेझेंट परफेक्टमध्ये तो बोलण्याच्या क्षणापाशी असतो. म्हणजे घटना दोन्हीकडे मागेच असते. बदलते ती फक्त पाहण्याची जागा. ‘यस्टर्डे’ म्हटले की पाहण्याची जागा काल जाते, आणि ‘हॅव’ ती आज ओढत असतो, म्हणून इंग्रजीत ते दोन शब्द एका वाक्यात नांदत नाहीत.

परीक्षेतल्या मुलासाठी एक व्यवहारी उपाय आहे. वाक्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘आतापर्यंत’ हा शब्द लावून पाहावा. ‘मी अकरा पुस्तकांचा अनुवाद केला, आतापर्यंत’ हे जमते. ‘पहिल्या पुस्तकाला मला चार महिने लागले, आतापर्यंत’ हे जमत नाही. जिथे तो शब्द बसत नाही तिथे ‘हॅव’ही बसणार नाही. हा उपाय दहातल्या दहा वेळा चालतो असा माझा दावा नाही, पण बहुतेक वेळा तो पुरतो.

पाऊलवाट

माझी अडचण वेगळी आहे, पण ती इथेच मांडतो. मी ‘हॅव’ कमी आणि ‘हॅड’ जास्त वापरतो, हे मला एका परदेशी सहकाऱ्यामुळे कळले. मी त्याला लिहिले होते, ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे.’ त्याचे उत्तर आले, ‘अँड देन व्हॉट हॅपन्ड?’ मला वाटले तो रागावला आहे. पुढे ओळख वाढल्यावर मी त्याला त्याविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला की तुझे वाक्य अर्धवट वाटले. फाइल पाठवल्यानंतर काहीतरी बिघडले आणि ते तू पुढे सांगणार आहेस असे वाटून मी वाट पाहत होतो. मला तर फक्त फाइल सोमवारी पाठवली इतकेच सांगायचे होते. ही सवय कुठून लागली असावी?

शब्दपारखी

ती मराठीतून लागली आहे, आणि तुम्ही एकटे नाही. आपण ‘फाइल मी सोमवारी पाठवली होती’ असे सहज म्हणतो. मराठीतला ‘होती’ घटनेला थोडे दूर ठेवतो. ती गोष्ट होऊन गेली, मधे काळ गेला, कदाचित तिचा परिणामही आता उरलेला नाही, इतकेच तो सुचवतो. ‘मी ती कादंबरी वाचली होती’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा पुढे ‘पण आता फारसे आठवत नाही’ असे येते. या ‘होती’ला दुसऱ्या घटनेचा आधार लागत नाही.

इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र तो आधार लागतो. रायखेनबाख यांच्या भाषेत सांगायचे तर तिथे पाहण्याची जागा भूतकाळात असते आणि घटना तिच्याही मागे असते. त्यामुळे ‘आय हॅड सेंट’ ऐकले की इंग्रजी कान विचारतो, कशाच्या आधी? तुमच्या सहकाऱ्याने नेमके तेच विचारले. ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे’ इतकेच पुरेसे होते. ‘व्हेन ही कॉल्ड मी ऑन ट्यूसडे, आय हॅड ऑलरेडी सेंट द फाइल’ असे दोन घटनांचे वाक्य असते, तर ‘हॅड’ शोभला असता.

निळाई

मराठीत काळांची गंमत याहून मोठी आहे. कोणी हाक मारली की आपण जागेवरून न हलता ‘आलो!’ असे उत्तर देतो. अजून यायचे आहे, तरी क्रियापद भूतकाळी. दार उघडून बाहेर पडण्यापूर्वी ‘बरे, निघाले मी’ असे म्हणतो. आणि ‘तो गेला आहे’ यापेक्षा ‘तो गेलेला आहे’ हे मला अधिक ठाम वाटते. या ‘लेला’विषयी जाणकारांनी लिहावे. अनुभव सांगताना आपण ‘पाहिले आहे’ केव्हा म्हणतो आणि ‘पाहिलेले आहे’ केव्हा?

अक्षरवेल

निळाई, माझा प्रश्न इंग्रजीतल्या निवडीचा होता. पण तुमच्या प्रश्नामुळे एक गोष्ट लक्षात आली. ‘ती गेली आहे’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘ती बाहेरगावी गेली आहे’ म्हणजे आत्ता इथे नाही. ‘ती त्या देशात दोनदा गेली आहे’ म्हणजे तिला तो अनुभव आहे आणि ती समोरही बसलेली असू शकते. आपण हा फरक ‘दोनदा’, ‘कधी तरी’ अशा शब्दांनी भागवतो, किंवा ‘जाऊन आली आहे’ असे म्हणतो.

काजवा

इंग्रजीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘शी हॅज गॉन टू’ म्हणजे गेली, परतलेली नाही. ‘शी हॅज बीन टू’ म्हणजे जाऊन आली. माझ्या भावाने स्वतःविषयी एका अर्जात ‘आय हॅव गॉन टू मेनी काँफरन्सेस’ असे लिहिले होते. अर्थ समजतो, पण तिथे ‘बीन’ हवे होते. आपला ‘जाऊन आलो आहे’ हा प्रयोग म्हणजे जवळजवळ तो ‘बीन’च आहे.

शब्दपारखी

अगदी चपखल तुलना आहे.

निळाई यांच्या प्रश्नाला माझ्या कानाने थोडक्यात उत्तर देते. ‘मी ती जागा पाहिली आहे’ यात पाहण्याची क्रिया पुढे आहे. ‘मी ती जागा पाहिलेली आहे’ यात पाहून झाल्याची स्थिती पुढे आहे. म्हणजे आता पुन्हा दाखवायची गरज नाही, मला ती माहीत आहे. इंग्रजीत या दोन्हींना एकच ‘आय हॅव सीन’ पुरतो. दोन भाषांचे काळ एकास एक जुळत नाहीत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याहून महत्त्वाचा फरक मात्र दुसरा आहे, आणि तो या धाग्याच्या मुळाशी आहे. ‘हे पत्र मी परवाच पाठवले आहे’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. ‘पाहुणे कालच आले आहेत’ हेही तसेच. काल आले आणि अजून इथे आहेत. मराठीचा पूर्ण वर्तमानकाळ ‘काल’ला आणि ‘परवा’ला आनंदाने जवळ घेतो, कारण परिणाम आज टिकून आहे एवढेच त्याला पुरते. इंग्रजीचा प्रेझेंट परफेक्ट तसे करत नाही. म्हणून ‘आय हॅव सेंट इट यस्टर्डे’ ही चूक आपल्याकडून अज्ञानाने होते त्यापेक्षा मातृभाषेवरच्या विश्वासाने अधिक होते.

रानपाखरू

जर्मन शिकताना मला याच्या अगदी उलट अनुभव आला. तिथे बोलण्यात ‘मी काल त्याला पाहिले’ हे ‘हाबं’ लावूनच सांगतात. ‘इश हाबं इन गेस्टर्न गेझेहन’ यात ‘गेस्टर्न’ म्हणजे काल, तरी वाक्य पूर्ण शुद्ध आहे. रचना इंग्रजीच्या ‘आय हॅव सीन’सारखीच आहे. फ्रेंचमध्येही बोलीत असेच चालते असे ऐकून आहे. मग इंग्रजीतला हा नियम तर्काचा आहे असे कसे म्हणता येईल? पाहण्याची जागा वगैरे जे वर सांगितले, ते जर्मन माणसालाही लागू व्हायला हवे.

शब्दपारखी

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो मी मान्य करते. हा नियम तर्काने अटळ नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा नियम आहे. जर्मन आणि फ्रेंच भाषांच्या बोलण्यात ‘हॅव’सारखी रचना साध्या भूतकाळाचेही काम करू लागली, इंग्रजीत ती तशी पसरली नाही. इंग्रजीच तशी का राहिली, याचे सर्वांना पटेल असे उत्तर नाही. वोल्फगांग क्लाइन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९२ साली या प्रश्नावर लेख लिहिला आणि त्याला प्रेझेंट परफेक्टचे कोडेच म्हटले. पाहण्याची जागा ही कल्पना इंग्रजी बोलणाऱ्याच्या सवयीचे वर्णन करते. ती सवय तशीच का पडली, हे ती कल्पना सिद्ध करत नाही.

तर्कसंगत

मला ही सगळी चर्चा थोडी अतिदक्ष वाटते. अमेरिकन लोक ‘डिड यू ईट येट?’ आणि ‘आय ऑलरेडी सॉ इट’ असे सर्रास बोलतात; ब्रिटिश पुस्तकांनी तिथे ‘हॅव’च हवा असे शिकवले होते. ऑस्ट्रेलियात पोलीस किंवा साक्षीदार घडलेला प्रसंग सांगताना भूतकाळाऐवजी परफेक्ट वापरतात, अगदी वेळेच्या उल्लेखासह, हे तिथल्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. आणि आपल्याकडचे लाखो लोक रोज ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ म्हणतात आणि एकमेकांना नीट समजते. एवढ्या लोकांची सवय ही चूक कशी? ती भारतीय इंग्रजीची रीत म्हणावी.

मुक्तछंद

तर्कसंगत यांना विरोध. समजणे आणि नेमके समजणे यांत फरक आहे. अक्षरवेल यांचे वाक्यही बाईंना समजलेच होते, पण उलटे समजले.

शब्दपारखी

तर्कसंगत यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, मात्र तिच्यातून दोन वेगळे निष्कर्ष निघतात. अमेरिकन वापर ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांभोवती पास्टकडे झुकतो. म्हणजे तिथे पास्टचा प्रदेश वाढला आहे, ‘हॅव यस्टर्डे’ला मोकळीक मिळालेली नाही. उलट संशय आला तर पास्ट वापरणे अमेरिकन श्रोत्यासमोर अधिक सुरक्षित ठरते. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण त्याच्या विरुद्ध बाजूचे आहे आणि ते खरोखरच विचार करायला लावते.

भारतीय इंग्रजीविषयी माझे मत ठाम नाही. आपसात बोलताना मी कोणाला थांबवत नाही. परंतु ज्या वाक्यावरून समोरचा माणूस आपण नोकरीत आहोत की नाही हे ठरवणार असेल, तिथे त्याची भाषा त्याच्या रीतीने बोललेली बरी.

तर्कसंगत

शेवटच्या वाक्याशी सहमत, आधीच्याशी अजूनही नाही. रीत कोणाची हे शेवटी बोलणारेच ठरवतात.

अक्षरवेल

या चर्चेचा मला खूप उपयोग होत आहे. मुलाखतीत स्वतःविषयी मी जे बोलले ते आठवून जसेच्या तसे लिहिते. कृपया पाहावे.

‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१४. आफ्टर दॅट आय हॅव वर्क्ड ॲट अ ट्रान्सलेशन एजन्सी फॉर थ्री इयर्स. सिन्स २०१८ आय ॲम वर्किंग इंडिपेंडंटली. आय हॅव ट्रान्सलेटेड इलेव्हन बुक्स. द फर्स्ट वन आय हॅड ट्रान्सलेटेड इन फोर मंथ्स. आय हॅव नेव्हर मिस्ड अ डेडलाइन.’

शब्दपारखी

सहापैकी दोन वाक्यांना हात लावायची गरज नाही, आणि ती कोणती हे पाहिले की बाकीची आपोआप उलगडतात. ‘आय हॅव ट्रान्सलेटेड इलेव्हन बुक्स’ ही आजवरची बेरीज आहे. उद्या बारावे पुस्तक झाले तर आकडा वाढेल. ‘आय हॅव नेव्हर मिस्ड अ डेडलाइन’ हा आजवरचा लौकिक आहे. उद्या तो मोडूही शकतो. दोन्ही हिशेब उघडे आहेत, म्हणून ‘हॅव’.

पहिल्या वाक्यात २०१४ आहे, म्हणून ‘आय कम्प्लीटेड’. दुसऱ्यात साल नाही, पण ‘आफ्टर दॅट’ने तुम्ही श्रोत्याला २०१४ च्या पुढच्या काळात नेऊन उभे केले आहे, आणि ती नोकरी संपलेली आहे, म्हणून ‘आय वर्क्ड’. इथे ‘हॅव’ आल्यामुळेच घोटाळा झाला. शिवाय पुढच्याच वाक्यात २०१८ पासून स्वतंत्र काम करते असे तुम्ही म्हणालात, त्यामुळे बाईंना दोन विधानांचा मेळ लागेना आणि त्या तारखांकडे वळल्या असाव्यात.

तिसऱ्या वाक्यात मराठी सरळ डोकावते. ‘२०१८ पासून मी स्वतंत्रपणे काम करते आहे’ यात आपल्याला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘सिन्स’ मागून आजपर्यंत रेघ ओढतो, म्हणून तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतो. गंमत अशी की ‘हॅव’ जिथे खरोखर हवा होता तिथेच तुम्ही तो गाळला.

पाचवे वाक्य म्हणजे पाऊलवाट यांचा ‘हॅड’. अकरा पुस्तकांची बेरीज सांगून झाल्यावर तुम्ही त्यांतल्या एका पुस्तकाच्या कामात शिरता. तो घडलेला प्रसंग आहे, म्हणून ‘आय ट्रान्सलेटेड द फर्स्ट वन इन फोर मंथ्स’. परफेक्टने विषय काढायचा आणि तपशील पास्टमध्ये सांगायचा, ही इंग्रजी संभाषणाची अगदी रुळलेली चाल आहे. ‘हॅव यू एव्हर वर्क्ड विथ लीगल टेक्स्ट्स?’ असे कोणी विचारले, तर ‘येस, आय हॅव’ म्हणावे आणि लगेच ‘आय डिड टू काँट्रॅक्ट्स इन २०२१, अँड दे टुक मी सिक्स वीक्स’ असे पुढे जावे. प्रश्नात ‘हॅव’ होता म्हणून उत्तरभर ‘हॅव’ची साखळी ओढणे ही मुलाखतीत मला सर्वाधिक ऐकू येणारी चूक आहे.

आणि एक. शेवटचे वाक्य एजन्सीपुरते असते, तर ‘आय नेव्हर मिस्ड अ डेडलाइन देअर’ झाले असते. शब्द ‘नेव्हर’च आहे, पण तो हिशेब २०१८ साली बंद झाला.

मुक्तछंद

‘नेव्हर’ची जोडी मी वहीत उतरवून घेतली. माझ्या कसोटीने ती दोन्ही वाक्ये सारखीच ठरली असती, कारण तारीख कुठेच नाही. मात्र एक शंका राहते. ‘व्हेन’ने प्रश्न विचारला की नेहमी ‘डिड’ येतो असे मी मुलांना सांगतो. पण ‘व्हेन हॅव आय एव्हर लाइड टू यू?’ असे वाक्य मी ऐकले आहे. हे अशुद्ध म्हणावे का?

शब्दपारखी

अशुद्ध नाही, कारण त्यात वेळ विचारलेलीच नाही. ‘मी तुझ्याशी कधी तरी खोटे बोललो आहे का?’ असा त्याचा अर्थ आहे, आणि अपेक्षित उत्तर ‘कधीच नाही’ हे आहे. खरोखर तारीख हवी असेल तर तुमचा नियम पक्का आहे.

पाऊलवाट

मी गेल्या आठवड्यात पाठवलेल्या चौदा पत्रांत नऊ ‘हॅड’ सापडले. त्यांपैकी एकच आवश्यक होता.

अक्षरवेल

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण पुढच्या आठवड्यात आणखी एक मुलाखत आहे आणि एक वाक्य अजून अडले आहे. मी ज्या लेखकाच्या तीन कादंबऱ्या अनुवादित केल्या, तो आता हयात नाही. मराठीत मी सहज म्हणेन की त्याने बारा कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यांपैकी तीन मी अनुवादित केल्या आहेत. ‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ असे आपण आजही लिहितो आणि ते कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हॅव’ ठेवावा का?

शब्दपारखी

लेखकाकडे ठेवू नये. ‘ही हॅज रिटन ट्वेल्व्ह नॉव्हेल्स’ असे ऐकले की तो हयात आहे आणि तेरावी येऊ शकते असे वाटते. तो गेला, हिशेब मिटला, म्हणून ‘ही रोट ट्वेल्व्ह नॉव्हेल्स’. भाषाशास्त्रात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. आइन्स्टाइन प्रिन्स्टनला गेले होते हे ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ असे सांगितले तर इंग्रजी कानाला खटकते, कारण आइन्स्टाइन १९५५ साली वारले. पण ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन’ हे चालून जाते, कारण प्रिन्स्टन आजही आहे आणि आता गोष्ट त्या गावाच्या वाट्याला काय आले याची आहे. ज्याच्या अनुभवाचा हिशेब मांडता, तो आज हिशेब देण्याच्या जागी असावा लागतो.

‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ यात मराठी भाषा माणसापेक्षा शब्दाकडे पाहते. ओवी आजही समोर आहे, तेवढे तिला पुरते.

रानपाखरू

मग ‘हिज नॉव्हेल्स हॅव बीन ट्रान्सलेटेड इंटू सिक्स लँग्वेजेस’ हे चालेल ना? लेखक गेला, पण कादंबऱ्या आहेत.

शब्दपारखी

निःसंशय चालेल.

अक्षरवेल

तर माझी वाक्ये अशी होतील: ‘ही रोट ट्वेल्व्ह नॉव्हेल्स. आय हॅव ट्रान्सलेटेड थ्री ऑफ देम. आय मेट हिम ओन्ली वन्स, ॲट हिज होम, अँड ही ॲस्क्ड मी व्हाय आय हॅड चेंज्ड अ टायटल.’ शेवटचा ‘हॅड’ मी मुद्दाम ठेवला आहे, कारण शीर्षक मी भेटीच्या आधी बदलले होते.

पाऊलवाट

हा ‘हॅड’ मला आता कशाच्या आधीचा आहे ते विचारावे लागत नाही.

तर्कसंगत

वाक्ये उत्तम आहेत. तरी ‘व्हाय आय चेंज्ड अ टायटल’ म्हटले असते तर एकाही इंग्रजाला अडले नसते, असे माझे मत मी नोंदवून ठेवतो.

शब्दपारखी

अडले नसते, हे मान्य. दोन घटनांचा क्रम अर्थावरूनच उघड असला की इंग्रजीत ‘हॅड’ ऐच्छिक होतो. तरी अक्षरवेल यांनी तो ठेवावा असे मला वाटते. लेखकाने विचारले तेव्हा बदल होऊन गेला होता आणि आता माघार नव्हती, हे त्या एका शब्दात ऐकू येते.